बरेच प्रयत्न करूनही

विमा कंपनीला मी लिहिलेलं निवेदन दोनच वाक्यांचं होतं: 'वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुरात आमची गाडी बुडाली. बरेच प्रयत्न करूनही ती सुरू होत नाही.' 'बरेच प्रयत्न' मी केवळ वाक्याला वजन यावं म्हणून घातले होते. तेच नडले. दावा नामंजूर. कारण: पाणी शिरलेलं इंजिन सुरू करायचा प्रयत्न केला.

सर्व्हेअर भला माणूस. त्याने फोनवर समजावलं, "सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला, तर पाणी काही दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ते नुकसान पुराचं नाही, तुमचं. इंजिनचं वेगळं कव्हर तुम्ही घेतलेलं नाही."

"पण आम्ही सेल मारलाच नाही हो!"

"मग प्रयत्न कसले?"

क्रेनवाल्याला केलेले फोन. अकरा.

"तेच लिहा. तारखांसकट."

तारखा! आमच्या घरात तारखा नसतात, तिथी असतात. पाणी कधी आलं? "गोकुळाष्टमीला रात्री सुंठवडा वाटत होते तेव्हा," आई म्हणाली. कॅलेंडर काढलं: २६ ऑगस्ट २०२४. समा भागातल्या आमच्या पार्किंगमध्ये २७ला सकाळी पाणी सीटपर्यंत होतं. 'सीटपर्यंत' कशावरून? दाराच्या आतल्या कापडावर चिखलाची सरळ रेघ उमटली होती. पट्टी लावून तिचा फोटो काढला. पाणी २९ला ओसरलं. ३०ला मेकॅनिकने आधी बॅटरीची वायर काढली, मग क्रेनने गाडी गॅरेजला गेली. क्रेनची पावती सापडली, पण भिजून तिचा लगदा झाला होता. क्रेनवाल्याकडून दुसरी आणली. गॅरेजच्या जॉबकार्डावर 'प्लग काढून पाणी उपसलं, रॉड सरळ' अशी ओळ होती. ती मी आजवर वाचलीच नव्हती. अख्ख्या दाव्यात सगळ्यात मोलाचं वाक्य तेच, आणि ते मेकॅनिकने लिहिलेलं.

नवं निवेदन दीड पान झालं. त्यात एकही विशेषण नाही. मला ते लिहिताना फार त्रास झाला.

तरी सर्व्हेअरने एक प्रश्न ठेवलाच. २७ ते ३० चावी कुठे होती?

चावी हिच्याकडे होती. समोरच्या बंगल्याच्या कंपाउंडात मगर दिसली, तेव्हापासून हिने ती हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात लपवली होती. शेजारचे काका तेवढे दिवस गॅलरीतून ओरडत होते, "अरे, एक सेल मारून तर बघ!"

"तसं वहिनींकडून लिहून आणा," सर्व्हेअर म्हणाला.

ती ओट्यापाशीच उभी राहिली आणि वाण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला एका दमात लिहून मोकळी झाली:

'२७ ते ३० ऑगस्ट चावी माझ्याजवळ होती. यांनी तीन वेळा मागितली. दिली नाही.'

दावा मंजूर झाला. प्लॅस्टिक आणि रबराचे पैसे मात्र घसारा म्हणून निम्मे कापले.