अमळनेरच्या भाऊंना उत्तर

«ताई, तुमचा लेख म्हणजे गोळ्यांची जाहिरात. माझ्या बहिणीने चार महिने स्पायरोनोलॅक्टोन आणि सोबत पाळीची गोळी घेतली. पिंपल्स कमी झाले असतील, पण हनुवटीचे केस जसेच्या तसे. ही तर बीपीची गोळी! आणि केळी खायची नाही, हे का नाही लिहिलं? चार पैसे मिळाले की लोक काहीही लिहितात.»

भाऊ, पैशांचं तुम्ही कुठून काढलंत? मला दमडी मिळालेली नाही. मतभेद असू द्या, पण अमळनेरहून भुसावळला बोलायची ही रीत नव्हे.

केळीचं तेवढं मान्य, लिहायला हवं होतं. जळगाव जिल्ह्यात राहून केळी विसरले! ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. पण मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या तरुण मुलीने केळी सोडायची गरज नसते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर मात्र रक्ततपासणी हवीच.

आता चार महिन्यांचं. «पिंपल्स कमी झाले असतील» हे तुम्ही किती सहज म्हणून गेलात! गोळीचं पहिलं काम तेच. त्यालाही तीनेक महिने लागतात, पूर्ण फरक सहा महिन्यांकडे दिसतो. केसांना त्याहून उशीर. पुरुषी हार्मोनने एकदा जाड केलेला केस गोळीने गळून पडत नाही. पाळीची गोळी रक्तातला मोकळा हार्मोन कमी करते, स्पायरोनोलॅक्टोन उरलेल्याला केसाच्या मुळाशी अडवते. म्हणजे आहे तो केस आपलं आयुष्य संपवून जातो, आणि त्याच मुळातून पुढचा येतो तो बारीक. म्हणून सहा महिन्यांआधी निकाल लावायचा नसतो, पुष्कळदा वर्ष लागतं. तोवर थ्रेडिंग किंवा लेझर चालूच ठेवायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या हनुवटीवरून पार्लरवाली काय काय बोलली, ते तुम्हाला ऐकवत नाही. आरशात रोज बघून मलाही काही दिसत नव्हतं. कळलं ते पार्लरच्या फेऱ्यांवरून: आधी दर आठवड्याला जावं लागे, मग पंधरवड्याने. बहिणीला विचारा, दोन थ्रेडिंगमधलं अंतर वाढलं का? डोस किती आहे, तेही विचारा. बहुतेकदा ५० मिलिग्रॅमने सुरुवात करून १०० पर्यंत नेतात. ती ५० वरच असेल तर डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. सहा महिन्यांनी अंतर तेवढंच असेल, तर तुमची तक्रार खरी. आज नाही.

बीपीची गोळी आहे, हो. म्हणून तर सुरुवातीला चक्कर येते आणि लघवीला जास्त जावं लागतं. आपल्या मे महिन्यात पाणी भरपूर प्यायचं, बस.

एक मात्र तुम्ही विचारलंच नाहीत. रागावून तिची पाळीची गोळी बंद करून नुसती स्पायरोनोलॅक्टोन चालू ठेवू नका. दिवस राहिले तर मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियाच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. ती गोळी बंद करायचीच असेल, तर दुसरं गर्भनिरोधक आधी ठरवा, आणि ते तिला ठरवू द्या.