‘अर्धवट माहिती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

प्रतिक्रिया: “लेख एकतर्फी वाटला. तीन बिजागऱ्या ठोका आणि मोकळे व्हा, एवढं तर कुठलाही सुतार सांगेल. नाशिकच्या जुन्या वाड्यांचे अवजड दरवाजे पिव्हटवरच फिरायचे ना? मग आजच्या बेडरूमला ते का नको? कन्सील्ड हिंजबद्दल तर दोनच ओळी. अर्धवट माहिती देऊन लोकांना घाबरवू नका.”

नमस्कार. बेडरूमच्या दाराला पिव्हट, म्हणजे दाराच्या वर-खाली बसणारा फिरता खुंटा, नको, तीन बिजागऱ्याच बऱ्या, असं मी त्या लेखात म्हटलं होतं; त्यावरची ही प्रतिक्रिया. मतभेद असावेत, पण ‘घाबरवू नका’ हा सूर कशासाठी? दारं बसवून घेणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ‘कुठलाही सुतार सांगेल’ हा टोमणा मी कौतुक म्हणूनच घेतो. सुतार सांगतो त्यामागे कारण असतं.

तुमचं वाड्याचं वाक्य मात्र सोडवत नाही. वाड्याचं दार दोन फळ्यांचं असतं. प्रत्येक फळीचा वरचा आणि खालचा खुंटा चौकटीच्या भोकात फिरतो, आणि फळी चौकटीच्या मागे, तिच्यावर चढून उभी राहते. म्हणून खुंट्याच्या बाजूला फट दिसत नाही. खाली दगड किंवा जाड उंबरा असतो, वजन सरळ त्यावर जातं.

आता तुमची बेडरूम घ्या. सात फूट बाय तीन फूट, ४० मिमी जाडीचं भरीव सागवानी दार. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं, तर हे दार ५० किलोच्या आसपास भरतं. वजनाचा मध्य बिजागरीपासून ४५ सेमी दूर. वरच्या आणि खालच्या बिजागरीत १७० सेमी अंतर असेल, तर वरच्या बिजागरीला चौकटीतून उपटू पाहणारी ओढ ५० गुणिले ४५ भागिले १७०, म्हणजे जवळपास १३ किलो. हेच दार दोन फळ्यांत विभागलं, तर प्रत्येक फळीचं वजनही निम्मं आणि रुंदीही निम्मी. ओढ चौपटीने कमी, सव्वातीन किलोच्या आसपास. वाड्याच्या दाराचं उदाहरण एका पल्ल्याच्या दाराला लागू पडत नाही ते यामुळे.

पिव्हट वजन जमिनीवर टाकतो, हे खरं आणि चांगलंच आहे. वरच्या टोकाला ओढ राहते, पण चौकटीच्या उभ्या लाकडावर वजन येत नाही. अडचण वेगळी आहे. फिरण्याचा बिंदू दाराच्या कडेपासून काही सेंटिमीटर आत असतो, त्यामुळे दार उघडताना मागचा तुकडा उलट्या दिशेला जातो. त्या बाजूला दार टेकायला पट्टी लावता येत नाही, मग फटीतून उजेड, आवाज आणि डास आत येतात. दिवाणखान्यात चालेल, बेडरूममध्ये नाही. कडेला बसणारा ऑफसेट पिव्हट असतो आणि त्याला पट्टी लावता येते, हे मात्र मान्य.

बिजागऱ्यांचं म्हणाल तर तीन ‘ठोकायच्या’ नसतात, बसवायच्या असतात. पाच इंची, तीन मिमी जाड पत्र्याच्या, बेअरिंगवाल्या घ्या. पल्ला सरळ आणि भक्कम असेल, तर तिसरी बिजागरी मधोमध न लावता वरच्या बिजागरीखाली आठ-नऊ इंचांवर लावा, कारण ओढ वरच आहे. वाकण्याची शंका असेल तर मधोमध. स्क्रू दोन इंची, आधी बारीक छिद्र पाडून. सागात पितळी स्क्रू थेट पिळला की मान तुटते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, मग पितळी बसवा.

दार घासायला लागलं की लगेच बिजागरीला शिव्या घालू नका. वरच्या बिजागरीपाशी फट रुंदावली आणि कुलपाकडचा खालचा कोपरा फरशीला टेकला, तर स्क्रू ढिले झालेत. जुलै-ऑगस्टमध्ये कुलपाची पूर्ण कड घासते आणि हिवाळ्यात मोकळी होते, तर लाकूड फुगलंय. पावसाळ्यात रंधा मारून घेतलात, तर उन्हाळ्यात फट बघत बसाल.

कन्सील्डबद्दल, म्हणजे दार बंद असताना न दिसणाऱ्या बिजागरीबद्दल, दोनच ओळी होत्या, कारण सांगण्यासारखं तेवढंच. दार बसवल्यावर स्क्रू फिरवून तिन्ही दिशांना सरकवता येतं, हा तिचा मोठा गुण. पण दाराच्या कडेत साधारण ३० मिमी खोल आणि जवळपास तेवढ्याच रुंदीची खाच लागते; ४० मिमीच्या पल्ल्यात मग दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी लाकूड उरतं. पटाशीने ते जमत नाही, राउटर आणि साचाच हवा. कपाटाची ऑटो हिंज ही ती नव्हे, हेही लिहितो, म्हणजे पुन्हा ‘अर्धवट’ नको.

पिव्हटचाच आग्रह असेल, तर फरशी बसण्याआधी ठरवा. पिव्हटखाली बसणाऱ्या, दार आपोआप मिटवणाऱ्या फ्लोअर स्प्रिंगच्या डब्याला फरशीखाली चार-सहा सेमी खोली लागते. वरच्या मजल्यावर तिथे वायरिंगचा पाइप असू शकतो आणि त्याखाली स्लॅब. स्लॅब फोडू नका. आणि फरशी बादलीने धुण्याची सवय असेल, तर त्या डब्यात पाणी जाणार हे गृहीत धरा.