वास दोन दिवसांत जात नाही

"मेलेल्या उंदराचा गोडसर वास दोन दिवसांत आपोआप जातो."

नाही जात. उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कुठे वाढायला लागतो. आमच्याकडे औषध खाल्लेला उंदीर फ्रिजमागे मेला होता आणि आम्ही चार दिवस मोरी धूत बसलो. फ्रिज चालू होऊन मागची बाजू तापली की वास भपकन यायचा, त्यावरून शंका आली. खिडकीच्या काचेवर हिरव्या चकचकीत माश्याही बसायला लागल्या होत्या. कॉम्प्रेसरवरच्या पाण्याच्या ट्रेलगत तो सापडला.

जिवंत उंदरांचा वास वेगळा, लघवीसारखा उग्र, नाकात झोंबणारा. तो कपाटात कोंडून राहतो. तिथल्या लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून पुसा.