‘लपवाछपवी’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

> मॅडम, डेस्क रिजेक्ट झालेला पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवताना आधीच्या नकाराचा उल्लेख कव्हर लेटरमध्ये करायची गरज नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही सरळसरळ लपवाछपवी आहे. आयसीएमजेईच्या शिफारशी एकदा वाचा. शिवाय नमुना पत्र लांबलचक आहे, सुरुवात ‘डिअर सर’ने केली आहे आणि रिव्ह्यूअर सुचवायचं कुठेच नाही. असले सल्ले देणाऱ्यांमुळेच आपल्या विद्यार्थ्यांची बाहेर किंमत नाही. – एक संशोधक

‘एक संशोधक’,

‘एकदा वाचा’ या दोन शब्दांपासूनच सुरुवात करते. सव्वीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, तेरा-चौदा विद्यार्थ्यांचे पेपर त्यांच्या शेजारी बसून पाठवले, त्यातले निम्मे आधी कुठून ना कुठून परत आलेले. त्या बाईला ‘एकदा वाचा’ म्हणताना स्वतःचं नाव तरी खाली टाकायचं होतंत. पारदर्शकतेवर प्रवचन आणि सही ‘एक संशोधक’! असो.

आयसीएमजेई मी वाचलेलं आहे. ती वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती. तिच्या शिफारशींत म्हटलंय की पेपर आधी दुसऱ्या जर्नलकडे गेला असेल, तर तिथल्या संपादकांचे आणि रिव्ह्यूअरांचे शेरे आणि त्यांना तुम्ही दिलेली उत्तरं सोबत जोडणं उपयुक्त ठरतं, त्याने काम लवकर होऊ शकतं. शब्द ‘उपयुक्त’ असा आहे, ‘बंधनकारक’ नव्हे. आणि उपयुक्त का, तर नव्या संपादकाला तयार रिव्ह्यू हातात मिळतात म्हणून. डेस्क रिजेक्शनमध्ये रिव्ह्यूच नसतात. संपादकाने शीर्षक, सारांश आणि बहुधा तुमचं पत्र पाहिलं आणि चार-आठ दिवसांत परत पाठवलं, एवढीच ती घटना. जोडायचं काय? ‘आमच्या वाचकांसाठी योग्य वाटत नाही’ ही तीन ओळींची ईमेल? संपूर्ण रिव्ह्यू होऊन नाकारलेल्या पेपरची गोष्ट वेगळी आहे, तिथे मी स्वतः शेरे जोडायला सांगते. पण माझा लेख त्याबद्दल नव्हता. शीर्षकातच डेस्क रिजेक्शन आहे, तेही एकदा वाचा.

आता लपवाछपवी. पत्रात आपण जे विधान करतो ते असं: हा पेपर याआधी प्रसिद्ध झालेला नाही आणि सध्या दुसऱ्या कुठल्याही जर्नलकडे विचाराधीन नाही. ‘सध्या’वर लक्ष द्या. नकाराची ईमेल आली त्या क्षणापासून हे वाक्य खरं होतं. कुठे खोटं पडतं, ते मात्र तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. विद्यार्थी चिडून पहिल्या संपादकाकडे अपील करतो आणि त्याच आठवड्यात पेपर दुसरीकडेही टाकतो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत, किंवा आपण ते लेखी मागे घेईपर्यंत, पेपर तिथेच विचाराधीन असतो. दुसरं म्हणजे ट्रान्सफर. मोठे प्रकाशक नकाराच्या ईमेलखालीच आपल्याच दुसऱ्या जर्नलकडे पेपर वळवायची लिंक देतात. माझ्या एका विद्यार्थिनीने ती ‘नुसती बघायला’ म्हणून दाबली, पेपर तिकडे गेला, आणि दोन दिवसांनी तिने तोच तिसरीकडे पाठवला. ही दुहेरी सबमिशन, आणि हे खरंच गंभीर आहे. आम्ही ट्रान्सफर मागे घेतली, मागे घेतल्याची पोच आली, तेव्हाच पुढचं केलं. नीतिमत्तेची चर्चा करायची तर इथे करू या, चला.

उल्लेख करावाच लागतो असे प्रसंगही आहेत. सबमिशन सिस्टिममध्ये ‘हा पेपर आधी कुठे पाठवला होता का’ असा प्रश्न असेल, तर खरंच उत्तर द्यायचं, त्यात माझं दुमत नाही. त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या जर्नलकडे पाठवतानाही असा नियम असतो. प्लॉस वन तर पत्रातच विचारतं, की या पेपरबाबत प्लॉसशी आधी काही व्यवहार झाला होता का. आणि पहिल्या जर्नलचा नकार देणारा संपादक दुसऱ्याच्या मंडळावरही दिसला, तर मी स्वतः एक वाक्य लिहायला लावते, कारण त्याला पेपर आठवणारच. हे तिन्ही मूळ लेखात नव्हतं. ते असायला हवं होतं, मान्य.

पण न विचारता सगळं सांगून टाकलं की काय होतं, हे मी करून पाहिलंय. 2011 साली. यवतमाळ जिल्ह्यातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर आमचा पेपर होता. पावसाळ्याआधी आणि नंतर, विहिरी आणि बोअर मिळून चाळीसेक ठिकाणचं पाणी. पहिल्या जर्नलने सहाव्या दिवशी परत पाठवला: निष्कर्ष स्थानिक स्वरूपाचे आहेत. मी तेव्हा तुमच्यासारखीच बाणेदार! दुसऱ्या संपादकाला पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की अमुक जर्नलने हा पेपर स्थानिक म्हणून नाकारला, पण आम्हाला तसं वाटत नाही. दोन दिवसांत उत्तर आलं. कारण काय, तर निष्कर्ष स्थानिक स्वरूपाचे आहेत. शब्द मीच पुरवला होता. यावरून काही सिद्ध होत नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

मग तिसऱ्या वेळी काय केलं, तेच माझ्या लेखाचं सार होतं आणि त्यावर तुमचं एक अक्षर नाही. नकाराचं कारण पत्रात सांगायचं नाही, त्या कारणाला उत्तर मात्र द्यायचं. पहिल्या पत्राचं मुख्य वाक्य होतं, ‘या तालुक्यातील हा पहिलाच सविस्तर अभ्यास आहे.’ आपल्याला वाटतं ही मोठी जमेची बाजू. परदेशातल्या संपादकाला त्यातून एवढंच कळतं, की हा नकाशावरचा एक नवा ठिपका. आमच्या आकड्यांत मात्र त्याहून जास्त काही होतं. उथळ विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि फ्लोराइड कमी, खोल बोअरमध्ये सोडियम जास्त, कॅल्शियम कमी आणि फ्लोराइड वर. पाण्यात कॅल्शियम असलं की फ्लोराइट या खनिजाच्या विद्राव्यतेची मर्यादा फ्लोराइडला अडवून धरते. चिकणमातीने कॅल्शियम धरून सोडियम सोडलं की तो लगाम सुटतो. म्हणजे विहीर आटली म्हणून गावाने खोल बोअर घेतलं, तर पाणी मिळतं पण धोकाही वाढू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्यही 1.5 आहे. एकाच गावात विहीर या रेषेच्या खाली आणि बोअर वर, अशा जोड्या आमच्याकडे होत्या.

तर तिसऱ्या पत्राचं मुख्य वाक्य मराठीत असं होईल: ‘त्याच गावात खोली वाढली की कॅल्शियम घटून फ्लोराइड कसं वाढतं, हे आम्ही विहीर-बोअरच्या जोड्यांवरून दाखवतो. कठीण खडकाच्या ज्या प्रदेशांत विहिरी सोडून बोअरकडे वळणं चालू आहे, तिथेही हे तपासता येईल.’ तालुक्याचं नाव दुसऱ्या परिच्छेदात गेलं. त्याखाली त्याच जर्नलमधल्या, खोलीनुसार बदलणाऱ्या पाण्यावरच्या दोन अलीकडच्या पेपरांचा उल्लेख आणि आमचा त्यांच्याशी संबंध, एका वाक्यात. मग विधानं, सही, संपलं.

आणि नुसतं पत्र बदलून भागत नाही. पत्र वाचून संपादक लगेच सारांश उघडतो. पत्रात फ्लोराइड वाढण्याचं कारण आणि सारांशात ‘तालुक्यातील फ्लोराइडचे प्रमाण’ असं दिसलं, तर पत्र फसवं वाटतं. म्हणून शीर्षक बदललं, सारांशाचं पहिलं वाक्य बदललं, ठिकाणांचा नकाशा मागे आणि खोली-कॅल्शियमची आकृती पुढे घेतली, शिवाय प्रत्येक नमुना फ्लोराइटने संपृक्त आहे की नाही याचं गणित नव्याने जोडलं. यात तीन आठवडे गेले. तो पेपर रिव्ह्यूला गेला, दोनदा दुरुस्त झाला आणि छापला. तुम्ही ज्याला लपवाछपवी म्हणता ती ही.

खरी लपवाछपवी उघडी पडते ती वेगळ्याच जागी. पत्रात खाली जुन्या जर्नलचं नाव राहून जातं. फाइलच्या नावात राहतं. संदर्भांची पद्धत जुन्या जर्नलची असते, पीडीएफच्या माहितीत जुनं शीर्षक असतं. एका विद्यार्थ्याने नव्या संपादकाला ‘आपल्या प्रतिष्ठित’च्या पुढे चक्क प्रतिस्पर्धी जर्नलचं नाव लिहून पाठवलं होतं. संपादकाने त्या ओळीखाली रेघ मारून पत्र परत केलं. नकार लपवला म्हणून नव्हे, पुन्हा वाचलं नाही म्हणून.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांबद्दल. पत्र लांब आहे? एका पानात बसतं. रिव्ह्यूअर सुचवणं बहुतेक ठिकाणी सिस्टिमच्या वेगळ्या रकान्यात विचारतात, म्हणून पत्रात नाही. आणि ‘आपल्या विद्यार्थ्यांची किंमत’ वगैरे जे आहे, ते मी वाचलंच नाही असं समजते, कारण त्याला उत्तर दिलं तर मला जे लिहावं लागेल ते माझ्या विद्यार्थ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा नाही.

‘डिअर सर’बद्दल मात्र बरोबर आहात. नमुना पत्र ज्या जर्नलसाठी होतं, त्याच्या मुख्य संपादक तर बाई होत्या, आणि मी स्वतः बाई असून ते नमुन्यात राहिलं. नमुना उघडून ‘डिअर’पुढे संपादकांचं आडनाव घातलंय, आणि वर सांगितलेले तीन प्रसंगही लेखात जोडलेत. बाकी पत्र आहे तसंच ठेवलंय.