स्प्रिंग 10000 केल्याने रॅगडॉल सुधरत नाही

"अ‍ॅक्टिव्ह रॅगडॉल थरथरत असेल तर सगळ्या जॉइंटचा स्प्रिंग 10000 करा, डॅम्पर शून्य ठेवा नाहीतर कॅरेक्टर सुस्त होतं, आणि एवढं केलं की ते आपोआप उभं पण राहतं."

असा सल्ला दिला जातो, त्यातली एकेक गोष्ट तपासू. मी युनिटीच्या ConfigurableJoint बद्दल बोलतोय, रोटेशन ड्राइव्ह मोड Slerp वर.

आधी 10000 चं बघू. कोपराखालचा हात घ्या, वजन 2 किलो, लांबी 0.4 मीटर, म्हणजे कोपराभोवतीचं इनर्शिया साधारण 0.107. त्यावर 10000 चा स्प्रिंग लावला तर हाताची स्वतःची हेलकाव्याची गती येते सेकंदाला जवळपास 49 वेळा, आणि युनिटीचं फिजिक्स डिफॉल्टला चालतं सेकंदाला 50 वेळा (Fixed Timestep 0.02). म्हणजे एका हेलकाव्याला जेमतेम एक स्टेप, मग हात कुठे चाललाय हे सिम्युलेशनला कळणार कसं? तुम्ही स्वतः AddTorque ने हा स्प्रिंग लिहिला असेल तर हात पहिल्या काही फ्रेममध्येच उडून जातो. जॉइंटचा ड्राइव्ह आतून इम्प्लिसिट पद्धतीने सोडवला जातो म्हणून एकटा जॉइंट फुटत नाही, पण खांदा, कोपर, मनगट अशी साखळी असली आणि सॉल्व्हर फक्त 6 इटरेशन करत असला की एका जॉइंटची चूक दुसऱ्यावर ढकलली जाते आणि तीच थरथर दिसते जी घालवायला तुम्ही स्प्रिंग वाढवला होता.

सगळ्या जॉइंटना एकच आकडा हे तर मुळातच चुकीचं आहे. खांद्याला अख्खा हात उचलायचा असतो, 4 किलो आणि 0.7 मीटर धरलं तर इनर्शिया 0.65, कोपराच्या सहापट! त्यामुळे स्प्रिंग ठरवू नका, हेलकाव्याची गती ठरवा आणि स्प्रिंग त्यावरून काढा. मी एका हेलकाव्याला निदान 10 स्टेप मिळतील असं धरतो, 50 च्या फिजिक्सला म्हणजे 5 हर्ट्झ:

```
w = 2 * PI * 5
spring = I * w * w
damper = 2 * I * w
```

कोपराला स्प्रिंग साधारण 105 आणि डॅम्पर 6.7 येतो, खांद्याला 640 आणि 41. हात आडवा धरला की गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क 3.9 न्यूटन-मीटर, त्याला 105 ने भागलं की हात 2 अंश खाली लोंबतो, एवढं चालतं. अजून कडक हवं असेल तर Fixed Timestep 0.01 करा, मग 10 हर्ट्झ परवडतात आणि स्प्रिंग चौपट होतो.

डॅम्परने सुस्ती येते हे मात्र खरं आहे, लोकांनी डोळ्यांनी बघितलंय ते, फक्त कारण वेगळं आहे. ड्राइव्हचा डॅम्पर हाताचा वेग targetAngularVelocity कडे खेचतो, आणि ते आपण कधी भरतच नाही, ते शून्यच राहतं, म्हणजे एकीकडे स्प्रिंग म्हणतो अ‍ॅनिमेशनच्या मागे पळ आणि डॅम्पर म्हणतो थांब. हात मागे राहतो तो डॅम्पर भागिले स्प्रिंग इतके सेकंद, वरच्या कोपराला 6.7/105, म्हणजे 64 मिलिसेकंद, फिजिक्सच्या तीन स्टेप. डॅम्पर शून्य केला की हा उशीर जातो पण हेलकावा थांबवणारं काहीच उरत नाही. त्यापेक्षा अ‍ॅनिमेशनमधल्या दोन स्टेपच्या पोझवरून कोनीय वेग काढा आणि targetAngularVelocity मध्ये द्या. तो जॉइंटच्या अक्षांत द्यावा लागतो आणि चिन्हात हमखास गोंधळ होतो, म्हणून आधी एकाच कोपरावर करून बघा: कंबर isKinematic करा, ग्रॅव्हिटी बंद, आणि हात सावकाश वाकवा. चिन्ह उलटं असेल तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट होतो, लगेच कळतं.

आणि उभं राहण्याचं म्हणाल तर जॉइंटच्या मोटर शरीराच्या आतल्या आहेत. मांडीने कंबरेला जेवढं ढकललं तेवढंच कंबर मांडीला उलट ढकलते, त्यामुळे अख्ख्या शरीराचा तोल बाहेरून, म्हणजे जमिनीच्या रेट्यातूनच बदलू शकतो. स्प्रिंग कितीही कडक करा, गुरुत्वमध्य पावलांच्या बाहेर गेला की कॅरेक्टर पुतळ्यासारखं ताठच्या ताठ पडतं. ते पडताना बघा, सांध्यांमधली पोझ बऱ्यापैकी बरोबर असते, फक्त कंबर कललेली असते, म्हणजे दोष मोटरचा नाहीच. मग एकतर पाऊल टाकायला शिकवा, किंवा बहुतेक गेममध्ये चालतं तसं कंबरेला जगाशी जोडलेला वेगळा जॉइंट द्या जो तिला सरळ ठेवेल, आणि त्याच्या maximumForce ला मर्यादा घाला. ती आधी कमी ठेवून, कॅरेक्टर नुसतं उभं राहील इथपर्यंतच वाढवत न्या, म्हणजे जोराचा धक्का बसला की ते खरंच पडेल.