केटलचं औषध इस्त्रीला चाललं नाही: दुकानाकडून उत्तर

"केटल साफ करायचे २०० रुपये घेतले. तुमच्याच दुकानातल्या मुलाने सांगितलेलं सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी मी स्टीम इस्त्रीत घातलं, तर पांढऱ्या शर्टवर तपकिरी डाग पडले आणि इस्त्री आता वाफेऐवजी पाणी थुंकते. दुकानात नेली तर 'होणार नाही' म्हणून परत दिली, वर तपासणीचे १५० रुपये घेतले. उपाय सांगायचे आणि मग हात वर करायचे!"

ताई, मुलाने तुम्हाला कृती सांगितली ती केटलची होती आणि बरोबर होती. पण "हे इस्त्रीत घालू नका" हे एक वाक्य त्याने सांगायला हवं होतं, ते राहिलं. ती चूक आमची. तपासणीचे १५० रुपये परत देतो.

तुमची केटल आली तेव्हा पाणी उकळायच्या आधीच बंद पडत होती. तळाशी बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, नखाने खरवडला तरी निघेना. पाणी तापवणारं एलिमेंट स्टीलच्या तळाखाली असतं. थरामुळे त्याची उष्णता पाण्यात जात नाही, तळच तापतो आणि केटलमध्ये पाणी नाही असं समजून वीज तोडणारा कटऑफ उडतो. म्हणजे बिघाड एलिमेंटमध्ये नव्हताच. एक लिटर कोमट पाण्यात सपाट मोठा चमचाभर, साधारण १५ ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड घालून अर्धा तास ठेवलं. बुडबुडे यायचे थांबले, तरी थंड झाल्यावर तळाला बोट लावलं तर खरखर होतीच, म्हणजे थर संपायच्या आधी अ‍ॅसिड संपलं होतं. म्हणून ताजं पाणी करून दुसऱ्यांदा ठेवलं. मग तीनदा धुतली, एकदा साधं पाणी उकळून ओतून दिलं.

हे पाणी आम्ही खळखळून उकळत नाही. उकळताना फेस वर चढून स्विचपर्यंत जातो, शिवाय सायट्रिक अ‍ॅसिड आणि क्षार मिळून जे तयार होतं ते गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पांढरी पूड होऊन परत तळाला बसतं. केटल पाण्यात बुडवायची नाही, तारेच्या घासणीने घासायची नाही. टॉयलेट क्लीनर तर कधीच नाही, कारण त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टीललाच बारीक खड्डे पाडतं. व्हिनेगर चालतं, पण वास दोन दिवस चहात येतो.

आता इस्त्री. केटलमध्ये अ‍ॅसिड स्टीलला लागतं, इस्त्रीत ते अ‍ॅल्युमिनियमला लागतं, सगळा फरक इथे आहे. सोलप्लेटच्या, म्हणजे कपड्यावर फिरणाऱ्या तळाच्या, आत वाफेची पोकळी असते आणि तिला आतून पातळ लेप असतो. त्या लेपामुळे थेंब पसरतो आणि लगेच वाफ होतो. अ‍ॅसिड क्षारासोबत हा लेपही खातं, खालचं अ‍ॅल्युमिनियमही. लेप गेला की थेंब तापलेल्या तव्यावरच्या पाण्यासारखा गोल होऊन नाचतो आणि वाफ न होताच भोकांतून बाहेर पडतो. तुम्ही म्हणता ते थुंकणं हेच. येताना सुटलेला मळ आणि क्षार घेऊन येतो, त्याचे तपकिरी डाग. तुमची इस्त्री आम्ही उघडली तेव्हा पोकळीला खड्डे पडलेले होते. एलिमेंट सोलप्लेटमध्येच ओतलेलं असतं, त्यामुळे अख्खी सोलप्लेट बदलावी लागते, आणि तिच्या भावात जवळजवळ नवी इस्त्री येते. म्हणून 'होणार नाही' म्हटलं. काम टाळायचं म्हणून नाही.

नवी घेतलीत तर तिच्यावर कॅल्क-क्लीन किंवा सेल्फ-क्लीन लिहिलेलं आहे का, एवढं बघा. असेल तर महिन्यातून एकदा टाकी पाण्याने भरायची, तापमान सर्वात जास्त करायचं, दिवा विझला की प्लग काढायचा. मग इस्त्री सिंकवर आडवी धरून ते बटण दाबून पुढे-मागे हलवायची. गरम पाणी आणि वाफ जोरात येते, हात लांब ठेवा. पांढऱ्या कपच्या पडतात, त्या पडायलाच हव्यात. त्यानंतर पुन्हा तापवून आधी जुन्या फडक्यावर फिरवायची, मगच शर्टवर. यात अ‍ॅसिडचं काही काम नाही. पुस्तिकेत कंपनीनेच एखादं द्रव्य सांगितलं असेल तर तेवढंच घाला. रोजच्या वापराला तुमच्या बोअरच्या पाण्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच, फक्त कॅनवर 'अ‍ॅसिड' लिहिलेलं नाही ना ते वाचून घ्या.

जुनी इस्त्री टाकून दिली नसेल तर घेऊन या. काउंटरवर तुमच्यासमोर उघडून आतले खड्डे दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. मुलाने आता केटलच्या बिलावर लाल पेनने लिहायला सुरुवात केली आहे: "इस्त्रीत घालू नये."