कॉमेंट्री काढून द्या म्हणे, पाच मिनिटांचं काम!

"फक्त पब्लिकचा आरडाओरडा आणि कॉमेंट्री तेवढी काढ, बाकी मॅटवरचा आवाज राहू दे. तुझ्याकडं सॉफ्टवेअर आहे की!" हे वाक्य मी आता इतक्या वेळा ऐकलंय की पुढच्या माणसाला मध्यरेषेवर उभा करून सात जणांकडून पकड करून घ्यावीशी वाटते. आहे बाबा सॉफ्टवेअर. पण दुधात कालवलेली हळद परत डब्यात भरून देणारं सॉफ्टवेअर सांगलीत काय, कुठंच मिळत नाही.

ताजं प्रकरण सांगतो. आपल्याकडच्याच एका गावात प्रकाशझोतातली कबड्डी झाली. एका संघाच्या प्रशिक्षकांनी पोराकडून कॅमेरा स्टँडवर लावून घेतला आणि अख्खा सामना एकाच जागेवरून रेकॉर्ड केला. आता सरांना काय हवंय? चढाईपटूचा दम कुठं तुटतो ते कानानं ऐकायचंय, शिवाय पाय मॅटवर कसे पडतात तेही. मागणी चुकीची नाही. मुलांना शिकवायला उत्तमच. पण मैदानाच्या दोन कोपऱ्यांत भोंगे, त्यातून निवेदकाचं अखंड "आणि बघा, बघा, बघा!", खाली हलगी, शिवाय पुंग्या. निवेदक तीस सेकंदांच्या चढाईत एकदाही श्वास घेत नाही. खरं तर त्याचाच दम मोजायला हवा होता.

सरांच्या भाच्यानं कुठंतरी व्हिडिओ बघितला होता. "मामा, डाव्यातून उजवा वजा करायचा, आवाज गायब होतो." हो, होतो. टीव्हीच्या स्टीरिओ प्रक्षेपणात कॉमेंट्रीचा माईक सहसा बरोबर मध्यभागी मिसळलेला असतो, म्हणजे दोन्ही चॅनेलला तंतोतंत सारखा. वजाबाकी केली की जे सारखं आहे ते शून्य होतं आणि दोन्ही बाजूंचा फरक उरतो. करून दाखवलं त्याला:

```
ffmpeg -i kabaddi.mp4 -vn -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1" farak.wav
```

आणि काय उरलं? भोंगे आणि पब्लिक! कारण इथं कॉमेंट्री मध्यभागी नव्हतीच, ती कोपऱ्यातून येत होती. मध्यभागी, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, चढाईपटू होता. तोच नेमका पातळ झाला. म्हणजे सामना काढून गोंगाट ठेवला. भाचा म्हणतो, "मग उलटं करा की." अरे, उलटं म्हणजे बेरीज, आणि बेरजेत पुन्हा सगळंच येतं! (दुसऱ्या एकानं याच कामासाठी मोबाईलवरची फाईल आणली होती. तिच्यात वजाबाकी केली तर चिडीचूप. मोबाईलनं दोन्हीकडं एकच आवाज लिहिला होता, त्यामुळं फरक उरणार कुठून? तुमची फाईल खरी स्टीरिओ आहे का, हे बघायला मात्र ही युक्ती झकास आहे.)

मग आवाज वेगळे करणारा डेमक्स चालवला. तो मुळात गाण्यांसाठी बनलेला. मानवी आवाज एकीकडं, ड्रम एकीकडं, बेस एकीकडं, उरलेलं एकीकडं. निवेदक बऱ्यापैकी उचलला त्यानं, खोटं कशाला बोलू. पण "कबड्डी कबड्डी" हा पण माणसाचाच आवाज ना? तोही निवेदकाबरोबर त्याच फाईलमध्ये जाऊन बसला. हलगी ड्रममध्ये गेली, आणि पाय आपटल्याचे आवाज तिच्या मागोमाग. पब्लिकचं तर विचारूच नका. एक ओरडतो तेव्हा तो माणूस असतो, हजार ओरडतात तेव्हा नुसती खरखर होते. त्यामुळं तो गलका अर्धा इकडं, अर्धा तिकडं. उरलेल्या फाईलमध्ये कॉमेंट्रीच्या जागी पाण्याखाली बुडबुडल्यासारखं काहीतरी. सरांना हवा होता दम, आणि दमच काढून दिला मी त्यांना.

नॉइज रिडक्शनचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो, आणि तो गोंगाट एकसारखा लागतो, पंख्याच्या घरघरीसारखा. पब्लिक एकसारखं ओरडतं का? बोनस मिळाला की वेगळं, पकड झाली की वेगळं. जोर लावला की सगळ्या फाईलभर चिमण्या चिवचिवायला लागतात.

त्यात सगळ्यात मोठा दुश्मन कॅमेऱ्यातच बसलेला असतो, त्याला कुणी शिव्या देत नाही. ऑटो लेव्हल! पब्लिक ओरडलं की कॅमेरा स्वतःहून माईक दाबतो, शांत झालं की हळूहळू वर उचलतो. म्हणजे पकडीत चार जण धप्पकन पडतात, पब्लिक उसळतं, आणि नेमक्या त्याच क्षणी मॅटचा आवाज बारीक करून लिहिला जातो. जे पुरेसं लिहिलंच गेलं नाही ते मी कुठून आणू? पेनानं काढू?

शेवटी एकच दार उघडं सापडलं. त्या भोंग्यांतून तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही, म्हणून तर तो आवाज नाकातून आल्यासारखा लागतो. पब्लिकच्या आरडाओरड्याचा जोरही त्याच्या वरच असतो. पण मॅटवर पडलेल्या पायाचा, आपटलेल्या अंगाचा धप्प खाली असतो. म्हणून दोनशेच्या वरचं सगळं कापलं, आणि एकदा कापून पुरत नाही म्हणून फिल्टर दोनदा लावला:

```
ffmpeg -i kabaddi.mp4 -vn -af "lowpass=f=200,lowpass=f=200" pay.wav
```

कॉमेंट्री जवळपास गेली. हलगीची थोडी धडधड राहिली, पण हेडफोन लावला की पायाचं प्रत्येक पाऊल ऐकू यायला लागलं. आयोजकांनी डीजेचे बेसचे डबे लावले असते तर हेही दार बंद होतं. नुसते पाय पोकळ वाटतात, म्हणून सामना सुरू व्हायच्या आधीचा, निवेदक पाणी पीत असतानाचा मैदानाचा शांत तुकडा शोधला आणि तो हलक्या आवाजात पूर्णवेळ खाली अंथरला. दम मात्र मिळाला नाही. कॅमेऱ्यापासून इतक्या लांब, भोंग्यांखाली गाडला गेलेला दम मिळणारच नाही, तसं सरांना सरळ सांगितलं.

फाईल पाठवली. दहा मिनिटांत फोन. "अरे, यात आवाजच नाय!" विचारलं, कशावर ऐकताय? "मोबाईलवर." मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं बाहेर येत नाही हो सर! हेडफोन लावा! "बघतो" म्हणाले. म्हणजे बघणार नाहीत.

एवढं डोकं लावण्यापेक्षा एक साधा रेकॉर्डर लॉबीच्या बाहेर, मॅटच्या अगदी कडेला, भोंग्याकडं पाठ करून ठेवला असता आणि त्याची ऑटो लेव्हल बंद केली असती, तर निदान जवळच्या चढाईचा दम तरी मिळाला असता. हे पण सांगितलं सरांना. तर म्हणतात, "त्याला कशाला खर्च, तू आहेस की काढून द्यायला!" पुढच्या महिन्यात त्यांची अजून एक स्पर्धा आहे म्हणे. निवेदक तोच.